बघते आणि कळवते

बिननावाची जाहिरात मला कधीच आवडलेली नाही. नोकरी शोधत होते तेव्हा आवडली नाही आणि आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसते तेव्हाही आवडत नाही. ज्याला स्वतःचं नाव सांगायचं नाही, त्यानं समोरच्याचं नाव, गाव, शिक्षण, अनुभव सगळं कशाला मागावं? पण तशी एक जाहिरात मी स्वतः लिहिली आहे आणि तिच्यामुळे जो घोळ झाला, तो एका क्रियापदाचा होता.

आमचं मशीन शॉप कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीत आहे. फाउंड्रीतून ओतलेले भाग येतात, आम्ही ते मशीनवर मापात आणतो आणि पुढे पाठवतो. खाली मशीनी, वर काचेची केबिन. ऑफिस मी सांभाळते. पत्रव्यवहार, हजेरी, पगार, येणारे-जाणारे मेल, सगळं माझ्याकडे. कोटेशन आणि डिस्पॅचला एक माणूस होता. बरीच वर्षं होता. तो एका सोमवारी आला नाही आणि मंगळवारी कळलं की मागच्या गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये रुजू झाला. त्यानंतर आमच्या हातातली दोन कामं तिकडे गेली, तीही अगदी थोडक्या फरकानं. आमचा भाव किती असणार हे ठाऊक असल्याशिवाय इतका नेमका भाव कुणी भरत नाही.

तेव्हापासून मालकांचा कुणावर विश्वास उरला नव्हता. नव्या माणसासाठी जाहिरात द्यायची म्हटल्यावर ते म्हणाले, "नाव घालायचं न्हाई, मॅडम. नाव घातलं की त्यो आपली माणसं पाठवणार. हितं बसून भाव तिकडं सांगणार."

मला त्यांचं म्हणणं चूक वाटलं नाही. जाहिरातीत लिहिलं, 'प्रतिष्ठित मशीन शॉपसाठी ऑफिस असिस्टंट पाहिजे. काम कोटेशन आणि डिस्पॅचचं. अर्ज फक्त ई-मेलनं.' वर्तमानपत्रात नाव लपवणारा प्रत्येक जण प्रतिष्ठितच असतो. ई-मेलचा पत्ताही नवा काढला. त्यात कंपनीचं नाव नाही, माझंही नाही. हा पत्ता कुणाचा आणि अर्ज कोण वाचणार, हे मालकांना आणि मला, एवढ्या दोघांनाच माहीत होतं.

अर्ज येऊ लागले. वाचणाऱ्याचं नाव माहीत नसताना माणसं त्याला काय म्हणतात, ते तेव्हा बघून घेतलं.

बहुतेकांनी मला 'रिस्पेक्टेड सर' केलं होतं. त्यात नवल नव्हतं. मशीन शॉप म्हटल्यावर खुर्चीत पुरुषच असणार, असं सगळे धरून चालतात. काहींनी नेटवरचा नमुना उचलला होता, 'डिअर हायरिंग मॅनेजर'. त्यातल्या एकानं नमुना उचलताना चौकटी कंसातलं 'नेम' तसंच ठेवलं होतं. दोघांनी 'टू हूम इट मे कन्सर्न' लिहिलं होतं. ते दाखल्यावर घालतात, दाखला कुणाच्या हाती पडेल ते माहीत नसतं म्हणून. अर्जावर नाही. मराठीत लिहिणाऱ्यांचा मायना 'महोदय' किंवा 'मा. साहेब'. शेवट तर त्याहून बघण्यासारखे. एका पदवीधरानं 'आपला आज्ञाधारक' लिहिलं होतं, शाळेत रजेचा अर्ज लिहायचा तसं. जोतिबाच्या डोंगरावरचा एक मुलगा 'चांगभलं' लिहून थांबला होता. त्याचा मला राग आला नाही. मुलींनी 'आपला विश्वासू' खाली स्वतःचं नाव टाकलं होतं. नमुना एखाद्या भावाचा असणार. आणि एका बाप्यानं लिहिलं होतं, 'आपला/आपली विश्वासू'. वाचणारा कोण ते माहीत नसलं तर समजू शकते. लिहिणारा कोण ते तरी माहीत असावं.

टायपिंगच्या क्लासमध्ये आम्हाला हे पाठ करून घेतलं होतं. नाव माहीत नसेल तर 'डिअर सर ऑर मॅडम' आणि खाली 'युअर्स फेथफुली'. नाव घालून लिहिलं तर 'युअर्स सिन्सिअरली'. मराठीत मायना वाचणाऱ्याप्रमाणे बदलतो, महोदय किंवा महोदया. माहीत नसेल तर दोन्ही, मध्ये तिरकी रेघ. आणि शेवटचं 'आपला' किंवा 'आपली' लिहिणाऱ्याप्रमाणे. एवढंच आहे. मी अर्ज यावरून निवडत नाही. पण मायना वाचून माणसानं पत्र स्वतः लिहिलंय की चिकटवलंय, ते कळतं.

मग एक अर्ज आला. मराठीत, सुबक, एका पानाचा. वर लिहिलं होतं, 'महोदया,'. खाली, 'आपली विश्वासू'.

मी तो दोनदा वाचला. रेघ नव्हती, महोदय नव्हतं. नुसतं महोदया. ही बाई शिरोळकडची होती. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात बिलं आणि स्टोअर सांभाळत होती. मालकानं दुकान बंद केलं म्हणून नोकरी गेली, असं लिहिलं होतं. अनुभव आम्हाला हवा तसा. अक्षर न अक्षर जागेवर. पण अर्ज बाई वाचणार आहे, हे तिला कुणी सांगितलं?

उत्तर माझ्यापुढे लगेच उभं राहिलं. आमच्या ऑफिसात सगळे मेल मी उघडते, हे बाहेर फक्त एकाला पक्कं ठाऊक होतं. तो मागच्या गल्लीत बसला होता. त्यानं जाहिरात वाचून ती कुणाची ते ओळखलं असणार. कामाचं वर्णन त्याच्याच कामाचं होतं. आणि आपलं माणूस पाठवताना त्यानं बजावलं असणार, तिथं मॅडम बघतात, मॅडमना मॅडम म्हण.

मी तो अर्ज मालकांना दाखवला. त्यांनी मायन्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाले, हीच ती, फाडून टाका. मी म्हटलं, मेल फाडता येत नाही. आणि टाकून दिला तर कुणी पाठवलं ते कळणार नाही. बोलवून घेऊ, समोर बसवून विचारू. ते नाखुशीनंच हो म्हणाले.

फोनवर ती मोजकं बोलली. कंपनीचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. पलीकडे थोडा वेळ आवाज नाही. मग तिनं पत्ता लिहून घेतला आणि पुन्हा वाचून दाखवला. नाव ऐकून गप्प का झाली, असं माझ्या मनात आलं. आधीपासून माहीत असलेलं नाव नवं असल्यासारखं ऐकायचं म्हणजे तेवढा वेळ लागणारच.

तिच्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी दुपारी आमचा वॉचमन वर आला. एरवी तो जिना चढत नाही, गुडघे दुखतात म्हणून खालूनच हाक मारतो. त्या दिवशी चढून आला, म्हणजे गोष्ट त्याला जड वाटली होती.

"मॅडम, एक पावणं आलतं गाडीवरनं. हेल्मेट काढलं न्हाई. हितं मशीनी किती हायत, माणसं किती हायत, मालक रोज येत्यात का, समदं इचारत होतं."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"मी कशाला सांगतोय? म्हटलं, पावणं, मशीनी मोजायच्या आसल्या तर आत येऊन सही करा. मग गेलं की."

मी मालकांना सांगितलं. त्यांना आता काही विचारायचंच राहिलं नव्हतं. मागच्या गल्लीतल्या वर्कशॉपचा माणूस पाहणी करून गेला आणि उद्या त्याचीच बाई येणार. ते कोटेशनच्या फाईली उचलून आपल्या कपाटात ठेवून आले आणि किल्ली खिशात टाकली. मीही माझ्या कॉम्प्युटरचा पासवर्ड बदलला. खोटं कशाला सांगू, मलाही तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ती वेळेआधी आली. तिशी ओलांडलेली, हातात प्लास्टिकची फाईल, साडीला नीट पिन. खुर्चीत बसण्याआधी तिनं केबिनभर नजर फिरवली. भिंतीवरचा कारखान्याचा परवाना तिनं थांबून वाचला. आम्ही तिच्याकडे संशयानं बघत होतो, तशी ती आमच्याकडे बघत होती. ते मला खटकलं. नोकरी मागायला आलेलं माणूस सहसा आधी हसतं.

मालकांनी बिलिंगबद्दल विचारलं, तिनं सांगितलं. स्टोअरमध्ये माल कमी पडला तर काय करत होता विचारलं, तेही सांगितलं. उत्तरं चोख होती आणि त्यामुळे मालक अधिकच आखडत चालले. मग मी तिचा अर्ज तिच्यापुढे ठेवला आणि सरळ विचारलं.

"तुम्ही वर महोदया लिहिलंय. जाहिरातीत कुणाचं नाव नव्हतं. वाचणारी बाई आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला प्रश्न कळला नसावा असं वाटलं, म्हणून मी पुन्हा विचारणार होते. तेवढ्यात ती म्हणाली, "तुम्हीच की."

"मी?"

"व्हय. मेल केलतो मी आधी. अर्ज मराठीत चालंल का इंग्रजीतच पायजे, म्हणून. तुम्ही उत्तर दिलं."

मला असा मेल आठवत नव्हता. मालकांनी खुर्ची पुढे ओढली. ते एवढंच म्हणाले, असल्या गोष्टी सांगाय लय सोप्या असत्यात. तिनं काही वाद घातला नाही. पर्समधून मोबाईल काढला, थोडा वेळ बोट सरकवत राहिली आणि फोन माझ्यापुढे केला.

होता मेल. पाठवणारा आमचाच बिननावाचा पत्ता. मी घाईत मोबाईलवरून टाकलेल्या दोन ओळी. 'दोन्ही चालेल. सगळे अर्ज आले की बघते आणि कळवते.' खाली नाव नाही, हुद्दा नाही. नाव लपवण्याची एवढी काळजी मी घेतली होती.

मालकांनी फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ धरून वाचला आणि परत केला. म्हणाले, ह्यात कुठं लिवलंय बाई म्हणून?

"बघते," ती म्हणाली. "कळवते. बापय लिवतोय व्हय असं?"

मालक इतक्यात सोडणार नव्हते. त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता, आणि तो कोल्हापुरातच निघू शकतो. आमच्या भागात बायका स्वतःबद्दल सरसकट पुरुषासारखं बोलतात. मी येतो, मी जातो, मी करतो. माझी आई असंच बोलायची, आणि घरात मीही असंच बोलते. लिहिताना तेवढी शाळा आठवते. ते म्हणाले, आमच्याकडं बायका बी 'बघतो' म्हणत्यात. शब्दावरनं बाई का बापय, ते कसं कळणार?

"म्हणूनच की, साहेब. 'बघतो' लिवलं आसतं तर मला कळलंच नसतं. ते दोघं बी म्हणत्यात. मग मी रेघ मारून दोन्ही लिवलं आसतं. पण 'बघते' म्हणणारा बापय आख्ख्या जिल्ह्यात घावायचा न्हाई."

मी मनात ते पडताळून बघितलं. ती म्हणत होती ते बरोबर होतं. हे उलट्या बाजूनं चालत नाही.

"आणि कळलं तरी रेघ मारली असती तर काय बिघडलं असतं?" मी विचारलं. "सगळे तसंच लिहितात. कुणी चूक धरत नाही."

"माझं मालक बी तसंच म्हणालं," ती म्हणाली. मालक म्हणजे तिचा नवरा. "दोन्ही लिव, सेफ राहतंय. मी म्हटलं, वाचणारी बाई हाय हे माहीत हाय. मग रेघ वडून तिला खाली कशापायी बसवू? महोदय वर, महोदया खाली. आपल्याला तसं कुणी लिवलं तर आवडंल का?"

मला हसू आलं नाही, पण येऊ शकलं असतं. मग मी विचारलं की दुकानात इतकी वर्षं नोकरी केलेली बाई, भाषेचा प्रश्न विचारायला आधी मेल कशाला करते. मराठीत पाठवून मोकळं व्हायचं.

तेव्हा ती पहिल्यांदा जरा सविस्तर बोलली. तिच्या गावातल्या एका मुलीनं अशाच बिननावाच्या जाहिरातीला अर्ज केला होता. लगेच उलटा मेल आला, निवड झाली, रजिस्ट्रेशनचे पैसे भरा. भरले. नंतर तो पत्ताच बंद. म्हणून हिनं आधी साधा प्रश्न विचारून बघितला. लबाड माणूस असेल तर गोड बोलून पुढे ओढणार. उत्तर आलं ते दोन ओळींचं, कोरडं, पैशाचं नाव नाही. शिवाय लिहिणारी बाई. "म्हटलं, खरी असावी," ती म्हणाली. मग स्वतःच पुढे जोडलं, "तरी बी मालकांना काल बघून याय सांगितलं. बायका बी फशिवत्यात की."

हेल्मेटवालं पावणं कोण, ते कळलं. त्याला मशीनी आमच्या प्रतिस्पर्ध्याला सांगायला मोजायच्या नव्हत्या. इथं मशीनी आहेत की नुसती पाटी, एवढंच त्याला बघायचं होतं. आम्ही तिच्या नवऱ्याला हेर समजलो आणि तो आम्हाला ठग समजत होता. मी फोनवर नाव सांगितलं तेव्हा ती गप्प का झाली, तेही विचारलं. म्हणाली, नाव नेटवर टाकून बघत होतो.

एवढ्यानं मालकांचं समाधान झालं असतं तर ते आमचे मालक नव्हेत. त्यांनी मला बाजूला बोलावलं. त्यांचं म्हणणं होतं की बाई खरी असेल, पण एका शब्दावरनं एवढं काढणारी बाई कोटेशनच्या फाईलींमधनं काय काय काढेल? मी म्हटलं, तेच तर काम आहे. ते म्हणाले, व्हय, पण कुणासाठी? तिच्या बाजूनं बोलायची मला घाई नव्हती. आधीच्या माणसाच्या बाजूनंही मी कधीतरी बोललेच होते.

तिला एक काम देऊन बघायचं ठरलं. पुण्याच्या एका कंपनीकडून चौकशी आली होती. त्यांच्या खरेदी विभागात माणूस बदलला होता आणि नव्याचं नाव कळलेलं नव्हतं. मेलच्या खाली नुसतं 'परचेस डिपार्टमेंट'. त्यांना इंग्रजीत उत्तर लिहायचं होतं, भाव न घालता, नुसतं चौकशी मिळाल्याचं. मी तिला कॉम्प्युटरपुढे बसवलं. आता ही वाचणारा बाई की बाप्या ते कुठून काढते, ते मला बघायचं होतं. मालकही मागे उभे राहिले.

तिनं आलेला मेल वरून खालपर्यंत वाचला. पुन्हा वाचला. मग मान हलवली.

"ह्यात कळत न्हाई. इंग्रजीत 'आय विल चेक' कुणी बी लिवतंय. ह्यांचा जुना एखादा मेल हाय का, मराठीत?"

नाही म्हटल्यावर तिनं आढेवेढे घेतले नाहीत. वर 'डिअर सर ऑर मॅडम', खाली 'युअर्स फेथफुली', मध्ये तीन वाक्यं. जोडी बरोबर होती. मालक मला हळूच म्हणाले, न्हाई कळलं तर न्हाई म्हणती, हे बरं हाय. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ.

तिला घेतलं. पण अटी मालकांनी घातल्या. पहिले तीन महिने फक्त डिस्पॅच. कोटेशनची फाईल तिच्या हातात द्यायची नाही, भाव विचारायचा नाही, त्या कपाटाची किल्ली माझ्याकडे. हे तिला मी तोंडावर सांगितलं. मागून कळण्यापेक्षा बरं. तिनं ऐकून घेतलं. नोकरीची तिला गरज होती, ते तिनं लपवलं नव्हतं. शिरोळहून रोज दोन गाड्या बदलून यायची तयारी होती.

नेमणुकीचं पत्र मी लिहिलं. आता आमच्या बाजूनं लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, खाली माझं पूर्ण नाव आणि हुद्दा टाकला. पण एक सुधारणा केली. 'पगाराबाबत नंतर कळवते' असं बोटांतून आलं होतं, ते खोडून 'कळवण्यात येईल' केलं. कळवण्यात येईल म्हटलं की बाई नाही, बाप्या नाही, माणूसच नाही. ऑफिसची भाषा अशी का असते, ते मला इतक्या वर्षांनी समजलं.

तिचं स्वीकारपत्र आलं. मायन्यात आता माझं नाव होतं, पुढे आदरार्थी जे हवं ते सगळं. मजकूर नीट. आणि खाली नुसतं 'आपली', मग तिचं नाव. विश्वासू नाही.

मी तो मेल मालकांना दाखवला नाही. दाखवला असता तर त्यांनी कपाटाला दुसरं कुलूप लावलं असतं. पण मला ते डाचत राहिलं. अर्जात लिहायला जी चुकली नाही, ती आता चुकेल? बाई शब्द विसरणारी नव्हती. शब्द गाळला होता, तर मुद्दाम गाळला होता. रुजू झाली त्या दिवशी डिस्पॅचचं रजिस्टर समजावून देताना मी विचारलं. आडून विचारणं मला जमत नाही.

"पत्रात विश्वासू लिहायचं राहिलं का?"

"राहिलं न्हाई," ती म्हणाली. रजिस्टरवरची नजर तिनं काढली नाही. "अर्जात लिवलतो, तवा तुम्ही मला वळखत नव्हता. आता वळखताय, आणि किल्ली तुमच्याकडं हाय. तीन महिन्यांनी लिवतो की."

मी म्हटलं, नमुन्यात तो शब्द असतोच, त्याचा एवढा अर्थ कुणी लावत नाही. ती म्हणाली, तुम्ही लावला की.

तिनं डिस्पॅच चांगलं सांभाळलं. एकदा चलनावर एक नग जास्त चढला होता, तो तिनं गाडी गेटातून बाहेर पडण्याआधी पकडला. वॉचमनला तिचा नवरा आता ओळखीचा झाला. कधीमधी संध्याकाळी घ्यायला येतो तेव्हा वॉचमन त्याला विचारतो, पावणं, आज मशीनी किती भरल्या? भाव एकदाही तिच्याकडून बाहेर गेला नाही. जाण्याचा प्रश्नच नव्हता, तिच्या हातात तो नव्हताच. म्हणजे त्या तीन महिन्यांत काहीच सिद्ध झालं नाही, हे मला कळत होतं आणि तिलाही कळत असणार. मालकांना मात्र वाटलं, मुदत नीट पार पडली. त्यांनी माझ्याकडून किल्ली घेऊन स्वतः कपाट उघडलं आणि फाईली तिच्या टेबलावर आणून ठेवल्या. त्यांची पाठ फिरल्यावर तिनं आधी पहिली फाईल उघडली नाही, आधी कपाटाकडे बघितलं. आत आणखी काही राहिलंय का, ते.

पुढच्या आठवड्यात तिचा रजेचा अर्ज माझ्या टेबलावर आला. गावात लग्न होतं, तीन दिवस हवे होते. वर माझं नाव. खाली, 'आपली विश्वासू'.

मी तो वाचला, मग मायना पुन्हा वाचला, मग शेवट पुन्हा वाचला. नव्या कोटेशनची मुदत त्याच आठवड्यात संपत होती आणि ते आता तिच्याच टेबलावर होतं. दोन दिवसांची रजा मंजूर केली आणि खाली सही केली.